फोटो बदललेला आहे, हे आम्हाला आधी सांगा: मराठी वृत्तसंकेतस्थळांना खुलं पत्र

प्रति,
मराठी वृत्तसंकेतस्थळांचे संपादक, छायाचित्र विभाग आणि वेब डेस्कवरचे उपसंपादक

स. न. वि. वि.

मी कोल्हापुरात एका सहकारी बँकेत नोकरी करते. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे माझी नजर विशीपासून हळूहळू कमी होत गेली. गेली अकरा वर्षं मला उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नाही. तुमच्या बातम्या मी रोज वाचते, सकाळी बसमध्ये फोनवर टॉकबॅक लावून आणि दुपारी संगणकावर एनव्हीडीए लावून. हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारी सॉफ्टवेअर. फोटोही वाचते. कसे, तर फोटोला तुम्ही जो ऑल्ट मजकूर, म्हणजे पानावर न दिसणारं वर्णन, जोडता तो स्क्रीन रीडर मला वाचून दाखवतो. माझ्यासाठी तो मजकूर हाच फोटो.

हे पत्र त्या मजकुराबद्दल आहे, आणि त्यातही एकाच प्रकारच्या फोटोंबद्दल: ज्यात काही बदललेलं, जोडलेलं, झाकलेलं किंवा नव्यानं घातलेलं असतं ते फोटो.

२८ मे २०२३ ला दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. जंतरमंतरवर आंदोलनाला बसलेले कुस्तीपटू त्या दिशेनं निघाले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. पोलिसांच्या बसमध्ये काढलेला विनेश फोगाट आणि संगीता फोगाट यांचा एक सेल्फी त्या दिवशी फिरला. थोड्याच वेळात त्याची दुसरी आवृत्ती आली. जागा तीच, माणसं तीच, पण दोघींच्या चेहऱ्यावर हसू. मूळ फोटोत कोणी हसत नव्हतं. आंदोलनातले त्यांचे सहकारी कुस्तीपटू बजरंग पुनियांनी हा फोटो खोटा असल्याचं लगेच सांगितलं आणि फोटो पडताळणाऱ्या पत्रकारांनी मूळ फोटो शेजारी ठेवून फरक दाखवला.

माझे वडील तरुणपणी तालमीत होते, त्यामुळे आमच्या घरी कुस्तीची बातमी कोणी सोडत नाही. दुसऱ्या दिवशी मी एका मराठी संकेतस्थळावर ही पडताळणीची बातमी उघडली. मथळा होता, व्हायरल फोटोमागचं सत्य काय, अशा अर्थाचा. मग फोटो आला आणि एनव्हीडीए म्हणालं: "ग्राफिक, पोलिसांच्या बसमध्ये हसत सेल्फी घेताना विनेश आणि संगीता फोगाट". त्याखाली ओळ होती, "सोशल मीडियावर व्हायरल होत असलेला फोटो". जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून मी तिथेच थांबले. डबा आवरताना मी सहकाऱ्यांना म्हणाले की मुलींना फरफटत नेलं म्हणतात, पण बसमध्ये त्या हसत होत्या. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, तो फोटो खोटा आहे. त्यावर लाल अक्षरात एवढं मोठं 'फेक' लिहिलंय की."

लाल अक्षरं फोटोच्या आत होती. ती पिक्सेलमध्ये रंगवलेली असतात, स्क्रीन रीडरला ती अक्षरं म्हणून पोचत नाहीत. शेजारी मूळ फोटो होता, हसऱ्या चेहऱ्यांभोवती गोल होते, मध्ये बाण होता, असं तिनं मला नंतर सांगितलं. पडताळणीचा सगळा युक्तिवाद त्या चित्रात मांडलेला होता आणि दिसणाऱ्या वाचकाला तो बातमी न वाचताही कळत होता. मला त्या चित्रातून मिळालं ते फक्त खोटं विधान, तेही तुमच्या उपसंपादकाच्या शब्दांत. बातमीच्या चौथ्या परिच्छेदात खुलासा होता. मी तिथवर वाचायला हवं होतं हे मला मान्य आहे. पण इतर वाचकांना जे पहिल्या नजरेत मिळालं, त्यासाठी मला चौथ्या परिच्छेदापर्यंत जावं लागणं ही रचनेतली चूक आहे, आणि ती दुरुस्त करणं फार सोपं आहे.

चूक नेमकी कुठे झाली ते आधी पाहू. "हसत सेल्फी घेताना." आपल्याकडे फोटोओळ लिहायची पद्धतच ही आहे: उद्घाटन करताना, सत्कार स्वीकारताना, पाहणी करताना. या "ताना"त एक साक्ष असते. अमुक माणूस अमुक करत होता आणि आम्ही ते पाहिलं, असं ते रूप सांगतं. खऱ्या फोटोला ते शोभतं. बदललेल्या फोटोला तेच रूप लावलं की जे घडलंच नाही त्याला तुमचं वर्तमानपत्र साक्षीदार होतं. उपसंपादकानं काही मुद्दाम केलं नव्हतं, सवयीनं जे दिसतं ते लिहिलं. म्हणून माझी पहिली विनंती व्याकरणाची आहे. फोटोतला जो भाग बदललेला आहे त्याला "ताना" लावू नका. "हसताना दाखवले आहे", "चेहऱ्यावर हसू घातलेले आहे" असं लिहा. "दाखवले आहे" म्हटलं की ते कोणीतरी दाखवलंय, घडलेलं नाही, हे ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच कळतं.

आता त्याच चित्राचा मजकूर कसा असायला हवा होता ते लिहून दाखवते. पानावर जे होतं ते साधारण असं:

```
<img src="IMG-20230529-WA0007.jpg"
 alt="पोलिसांच्या बसमध्ये हसत सेल्फी घेताना विनेश आणि संगीता फोगाट">
```

आणि मला जे ऐकायला मिळायला हवं होतं ते असं:

```
<figure>
 <img src="bus-selfie-tulna.jpg"
  alt="बदललेला फोटो मूळ फोटोशेजारी ठेवून केलेली तुलना.
  दोन्हींत पोलिसांच्या बसमधला विनेश आणि संगीता फोगाट यांचा
  सेल्फी. डावीकडे मूळ फोटो: दोघींचे चेहरे गंभीर.
  उजवीकडे बदललेला: त्याच चेहऱ्यांवर हसू घातलेले.
  उजव्या फोटोवर लाल अक्षरांत 'फेक' असा शिक्का.">
 <figcaption>डावीकडे २८ मे २०२३ रोजी दिल्लीत ताब्यात
  घेतल्यानंतरचा मूळ फोटो. उजवीकडे समाजमाध्यमांवर फिरलेला
  फोटो; त्यातील हसू नंतर घातलेले आहे.</figcaption>
</figure>
```

यातला पहिला शब्द पाहा. "बदललेला." तो शेवटी आला असता तर चाललं असतं का? नसतं, आणि त्याचं कारण ऐकण्याच्या पद्धतीत आहे. डोळा चित्रावर एकदम पडतो, शिक्का आणि चेहरा त्याला एकाच वेळी दिसतात. कानाला एकामागून एक शब्द मिळतात. आम्ही पान भराभर ऐकतो. फोटोचे पहिले चार-पाच शब्द कानावर पडले की कंट्रोलची कळ दाबून आवाज थांबवतो किंवा खालच्या बाणानं पुढे जातो. "विनेश आणि संगीता फोगाट बसमध्ये हसत" इथे मी पुढे गेले, तर वाक्याच्या शेवटी कंसात "हा फोटो बनावट आहे" लिहिलेलं असून मला त्याचा उपयोग नाही. त्यामुळे फोटोची जात आधी सांगा, वर्णन नंतर.

दुसरी गोष्ट, त्या मजकुरात बदल कुठे झालाय ते नेमकं सांगितलंय. नुसतं "हा फोटो एडिट केलेला आहे" म्हटलं तर मी काय समजायचं? बस खोटी? मुली दुसऱ्याच कोणी? पोलिसांनी त्यांना पकडलंच नाही? बदल फक्त हसण्यात आहे, बाकी प्रसंग खरा आहे, हे सांगितल्याशिवाय मी चुकीचा अर्थ काढणार. एकीकडचं खोटं सोडून दुसरीकडच्या खोट्यात जाणार.

हा मुद्दा पटायला एक जुनं उदाहरण बघा. ३ डिसेंबर २०१५ ला पंतप्रधानांनी पुरात बुडालेल्या चेन्नईची हवाई पाहणी केली. पत्र सूचना कार्यालयानं त्याचा फोटो प्रसिद्ध केला. पंतप्रधान गोल खिडकीतून खाली पाहताहेत आणि खिडकीच्या वर्तुळात पाण्यातल्या इमारती लख्ख दिसताहेत. त्याच प्रसंगाचा आधी दिलेला फोटो लोकांनी शोधून काढला, त्यात खिडकीबाहेरचं दृश्य धूसर होतं. स्पष्ट दृश्य वेगळ्या फोटोतून आणून वर्तुळात बसवलेलं होतं. टीका झाल्यावर कार्यालयानं तो फोटो काढला आणि दोन फोटो एकत्र केल्याचं मान्य केलं.

आता या फोटोला कोणी "पूरग्रस्त चेन्नईची हवाई पाहणी करताना पंतप्रधान" असा ऑल्ट मजकूर दिला असता, तर त्यातला प्रत्येक शब्द खरा ठरला असता. पाहणी झाली होती, पूर आला होता, माणूस तोच होता. तरी मजकूर चुकीचा. फोटोवर जो वाद झाला तो खिडकीच्या त्या वर्तुळाबद्दल होता आणि वर्तुळाचा उल्लेखच मजकुरात नाही. बातमी वाचताना मी विचारत राहिले असते की यात खोटं काय आहे. म्हणून असं लिहावं लागतं: "दोन फोटो जोडून केलेले चित्र. पंतप्रधान गोल खिडकीतून खाली पाहत आहेत. खिडकीतले पाण्यात बुडालेल्या इमारतींचे स्पष्ट दृश्य दुसऱ्या फोटोतून घेऊन बसवलेले आहे." तीन छोटी वाक्यं, आणि सांधा कुठे आहे ते मला बोटानं चाचपल्यासारखं कळतं.

इथे शब्दांबद्दल थोडं. "एडिटेड" हा शब्द कृपया टाळा, कारण तो काहीच सांगत नाही. उजेड वाढवणं, कडा कापणं, रंग जरा बरोबर करणं हेही एडिटिंगच, आणि ते तुमच्याकडच्या जवळपास प्रत्येक फोटोला होतं. त्याची नोंद मला नको आहे. असोसिएटेड प्रेससारखी वृत्तसंस्था आपल्या छायाचित्रकारांना एवढी मुभा देते आणि फोटोतली वस्तू घालणं किंवा काढणं यावर बंदी ठेवते. माझ्या दृष्टीनं सीमारेषा तीच. "मॉर्फ केलेला" हा शब्दही जपून वापरा. मराठी बातम्यांमध्ये तो बहुतेक वेळा अश्लील फोटोंच्या गुन्ह्यांच्या संदर्भात येतो, त्यामुळे तो ऐकला की भलतंच मनात येतं. त्यापेक्षा आपले साधे शब्द पुरेसे आहेत. मूळ फोटोत फेरफार केला असेल तर "बदललेला". दोन-तीन फोटो एकत्र केले असतील तर "जोडलेला". काही लपवलं असेल तर "चेहरा झाकलेला". कॅमेऱ्यानं काढलेलाच नसेल, संगणकावर तयार केला असेल तर "बनवलेलं चित्र". आणि खरा पण त्या घटनेचा नसेल तर "प्रातिनिधिक" किंवा "संग्रहित", हे दोन शब्द तुम्ही छापील अंकात वर्षानुवर्षं वापरत आला आहात. फोटोओळीत ते असतात. ऑल्ट मजकुरात मात्र मला क्वचितच ऐकू येतात, तिथे बहुतेक वेळा बातमीचा मथळाच आपोआप भरलेला असतो. मग मथळा एकदा मथळा म्हणून ऐकायचा आणि लगेच फोटो म्हणून परत ऐकायचा.

जोडलेल्या फोटोंचा प्रश्न तुमच्या संकेतस्थळांवर रोजचा आहे, आणि तिथे खोटेपणा करायचा कोणाचा हेतूही नसतो. दोन नेत्यांचा वाद झाला की दोघांचे वेगवेगळ्या सभांतले फोटो कापून समोरासमोर लावतात, मध्ये विजेची रेघ किंवा तिरकी पट्टी. दिसणाऱ्या माणसाला पट्टी दिसते, मागची पार्श्वभूमी तुटलेली दिसते, हे दोघे एका खोलीत नव्हते हे त्याला सांगावं लागत नाही. ऑल्ट मजकूर असतो "अमुक आणि तमुक आमनेसामने". मला वाटतं ते भेटले. एकदा तर अशा मजकुरावरून मी घरी सांगून बसले की दोघांची बैठक झाली. "दोन वेगळे फोटो जोडून केलेले चित्र" हे शब्द सुरुवातीला असते तर प्रश्नच नव्हता. यात कोणाला काही शोधायचंही नाही, कारण ते चित्र तुमच्याच टेबलावर जोडलेलं असतं.

आता फोटोओळ आणि ऑल्ट मजकूर यांच्या वाटणीबद्दल. काही संपादकांना वाटतं की फोटोओळीत "बदललेला फोटो" लिहिलं की काम झालं, ऑल्ट मजकुरात परत कशाला. मी दोन्हीकडे मागते आहे, आणि त्याचं कारण आहे. एनव्हीडीएत इंग्रजी G ही कळ दाबली की पानावरच्या एका फोटोवरून थेट पुढच्या फोटोवर जाता येतं. मी तशीच जाते. त्या उडीत ऑल्ट मजकूर ऐकू येतो, फोटोओळ येईलच असं नाही. उलट फोटोओळ सगळ्यांसाठी असते. ज्यांना थोडं दिसतं, जे फोटो मोठा करून पाहतात पण बारीक शिक्का वाचू शकत नाहीत, त्यांना ऑल्ट मजकूर कधीच दिसत नाही. त्यांना फोटोओळच लागते. तेव्हा फोटोची जात दोन्हीकडे, दोन-तीन शब्दांत. बाकीचं वाटून घ्या: फोटो कधीचा, कुठला, फेरफार कसा उघड झाला हे फोटोओळीत, चित्रात काय दिसतं आणि बदल नेमका कुठे आहे हे ऑल्ट मजकुरात.

एका प्रकारच्या बदलात मात्र नियम उलटा होतो, आणि तिथे चूक झाली तर नुकसान माझं होत नाही, तिसऱ्याच कोणाचं होतं. अत्याचाराच्या बातमीत तुम्ही पीडितेचा चेहरा धूसर करता. बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचं २३ वं कलम ओळख उघड करायला बंदी घालतं, आणि त्यात नुसतं नाव येत नाही, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार असं सगळं येतं. फोटो नीट झाकलेला असतो. पण मी स्क्रीन रीडरवर असे मजकूर ऐकले आहेत ज्यात गावाचं नाव होतं, "आईसोबत घराच्या दारात" असं होतं. एकदा ऑल्ट मजकूर रिकामा नव्हे तर मुळात दिलेलाच नव्हता, तेव्हा स्क्रीन रीडरनं फाइलचं नाव वाचलं आणि त्या नावात मुलीचं नाव होतं. डोळ्यांपासून जे लपवलं ते कानांना सांगितलं गेलं. तो मजकूर शोधयंत्रांनाही वाचता येतो. इथे वर्णन कमी करा. "चेहरा ओळखू न येण्यासाठी धूसर केलेला. पोलीस ठाण्याबाहेर एक व्यक्ती" इतकं पुरे. चेहरा का झाकला ते सांगा, झाकणाखाली काय आहे ते सांगू नका, आणि फाइलचं नाव चढवण्याआधी बदला.

ज्या फोटोची खातरी तुम्हालाच नसते त्याचं काय? घटना घडून तास झालेला असतो, फोटो सगळीकडे फिरत असतो आणि तुम्हाला तो बातमीत घ्यावा लागतो. तेव्हा तेच सांगा: "पडताळणी न झालेला फोटो. त्यात अमुक दिसते." हे रिकामं सोडलंत तर काय होतं तेही सांगते. फेसबुकसारख्या ठिकाणी मजकूर नसेल तर यंत्र स्वतः वर्णन तयार करतं. त्याला फोटोतले रंग आणि आकार कळतात, त्या फोटोचा इतिहास कळत नाही. घातलेलं हसू त्याच्या लेखी हसूच. "हसणारी माणसं" असंच ते मला सांगणार.

शेवटचा मुद्दा दुरुस्तीचा, आणि तो तुमच्या तांत्रिक विभागाला नक्की दाखवा. फोटोची स्थिती बदलत असते. १० मार्च २०२४, रविवार, ब्रिटनमध्ये मातृदिन. केन्सिंग्टन पॅलेसनं वेल्सच्या राजकन्या केट यांचा तिन्ही मुलांसोबतचा फोटो दिला. जगभर तो साधा कौटुंबिक फोटो म्हणून लागला. त्याच दिवशी एपी, एएफपी, रॉयटर्स आणि गेटी या संस्थांनी तो मागे घेतला, कारण त्यात फेरफार दिसत होता. राजकन्या शार्लटचा डावा हात आणि स्वेटरची बाही यांची कडा जुळत नव्हती. सोमवारी केट यांनी आपणच फोटोत बदल केल्याचं सांगून माफी मागितली. फोटो तोच राहिला, फक्त आता तो स्वतःच बातमीचा विषय झाला. रविवारी "केट तिन्ही मुलांसोबत" पुरेसं होतं. सोमवारी त्याच फोटोला "वृत्तसंस्थांनी मागे घेतलेला, बदल केलेला फोटो. केट बसलेल्या, भोवती तीन मुले. शार्लटच्या डाव्या हाताजवळ बाहीची कडा तुटलेली" असा मजकूर लागतो. म्हणजे मजकूर फोटोला कायमचा चिकटवून ठेवायची गोष्ट नाही. बातमी बदलली की तो परत लिहावा लागतो.

आणि इथेच घोटाळा होतो. तुमच्यापैकी अनेकांची संकेतस्थळं वर्डप्रेसवर आहेत. तिथे मीडिया लायब्ररीतून फोटो लेखात घातला की ऑल्ट मजकुराची एक प्रत त्या लेखात जाते. नंतर लायब्ररीत मजकूर सुधारलात तर आधी छापलेल्या लेखांतली प्रत तशीच राहते. उपसंपादकाला वाटतं दुरुस्ती झाली, त्याला ती लायब्ररीत दिसतेही. मला जुन्या लेखात जुनंच ऐकू येतं. म्हणून फोटो खोटा ठरला की तो कोणकोणत्या लेखांत वापरलाय ते शोधा, प्रत्येक लेख उघडून तिथला मजकूर बदला, फोटोओळ बदला, आणि लायब्ररीतही बदला म्हणजे पुढच्या माणसाकडून चूक होणार नाही. मथळ्यासोबतचा मुख्य फोटो बहुतेक थीममध्ये लायब्ररीतला मजकूर घेतो, तिथे एकाच बदलात काम होतं. पण लेखाच्या मध्ये घातलेल्या फोटोंना हातानंच जावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे, मला कल्पना आहे. पण मथळ्यातली चूक सुधारताना तुम्ही ते करताच.

तपासणीसाठी वेगळं काही विकत घ्यायला नको. डेस्कवरचा कुठलाही अँड्रॉइड फोन घ्या, आवाजाच्या दोन्ही कळा तीन सेकंद एकत्र दाबून धरा, टॉकबॅक सुरू होईल. नाही झालं तर फोनच्या सेटिंग्जमधून सुरू करा. फोनच्या पडद्याकडे पाठ करून तुमचीच पडताळणीची बातमी दुसऱ्या कोणाला तरी सरकवायला सांगा, आणि तुम्ही फक्त ऐका. फोटोपाशी आल्यावर जो पहिला शब्द येतो तो लिहून ठेवा. त्या शब्दावरून फोटो खरा की बदललेला हे कळलं नाही, तर मजकूर परत लिहायचा.

हे पत्र पाठवण्याआधी मी ती मे २०२३ ची बातमी शोधून पुन्हा उघडली. G दाबलं. एनव्हीडीए म्हणालं: "ग्राफिक, पोलिसांच्या बसमध्ये हसत सेल्फी घेताना". ते संकेतस्थळ कोणतं हे मी इथे लिहिलेलं नाही, पण तुमच्या जुन्या पडताळणीच्या बातम्यांमध्ये शोधलंत तर असे मजकूर तुम्हालाही सापडतील. सुरुवात त्यांच्यापासून करा.

आपली,
एक वाचक
कोल्हापूर